एका पट्टीची कमानदार खिडकी: गणित जुळले, पण १६८ सेंटिमीटर पट्टी कमी पडली

कवेलू

नमस्कार मंडळी. आमचे गाव दारव्हा तालुक्यात आहे. जुन्या कवेलूच्या घराला लागून मी विटांची एक खोली बांधत आहे आणि तिच्या पूर्वेकडच्या भिंतीत एक कमानदार खिडकी हवी आहे, म्हणजे खाली आयत आणि त्यावर त्याच रुंदीचे अर्धवर्तुळ. घरात चाळीस बाय पाचची एक लोखंडी पट्टी पडून होती. तिला वीस फुटी म्हणतात, पण टेपने मोजली तर बरोबर ६ मीटर भरली. तेवढ्यात जास्तीत जास्त उजेड देणारी चौकट बसवावी, असा विचार होता.

माझी मुलगी बारावीला आहे. तिने सांगितले की हे उदाहरण त्यांच्या अभ्यासातच आहे: परिमिती ठरलेली असताना क्षेत्रफळ सर्वांत जास्त केव्हा होईल. तिने अर्ध्या तासात उत्तर काढून दिले. अर्धवर्तुळाची त्रिज्या ८४ सेंमी आणि आयताची उंचीही ८४ सेंमी, म्हणजे खिडकी १६८ रुंद आणि मधोमध १६८ उंच. मी अंगणात खिळे ठोकून सुतळीने तो आकार आखून पाहिला. ६ मीटर सुतळी बरोबर पुरली आणि आम्ही दोघेही खूश झालो.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंग करणारे मिस्त्री आले. ते म्हणाले की खालचे पल्ले उघडायचे आणि वरची काच कायम बसवायची, तर दोहोंच्या मध्ये आडवी पट्टी लागणारच, नाहीतर पल्ले आदळणार कशावर? ही आडवी पट्टी १६८ सेंमीची आहे आणि तेवढीच माझ्याकडे कमी आहे. आता गणित चुकले की मी चुकलो, हे मला कळेना. अजून १६८ सेंमीचा तुकडा आणावा की आहे त्याच पट्टीत वेगळ्या मापाची खिडकी करावी? मुलीचे म्हणणे आहे की तिचे उत्तर बरोबर आहे, आणि मलाही त्यात चूक सापडत नाही.

अर्धा_कप_चहा

भाऊ, यात अवकलनाची काही गरजच नाही. ठरावीक लांबीच्या दोरीने सर्वांत जास्त जागा वर्तुळच घेरते, ही गोष्ट फार जुन्या काळापासून माहीत आहे. त्यामुळे खिडकीत गोल भाग जितका जास्त तितके चांगले. आयत पूर्ण काढून टाका आणि सगळी पट्टी अर्धवर्तुळात घाला. उंची शून्य आली की क्षेत्रफळ सर्वांत जास्त येईल, आणि आडवी पट्टी म्हणजे खालचीच पट्टी, त्यामुळे तो प्रश्नही मिटला.

पळसफूल

मी आर्वीकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी वरच्या प्रतिसादाविषयी. वर्तुळाबद्दलचे विधान खरे आहे. ६०० सेंमीचे पूर्ण वर्तुळ केले तर सुमारे २८,६४८ चौरस सेंमी जागा मिळते. पण अर्धवर्तुळ म्हणजे वर्तुळाचा अर्धा लाभ असा हिशेब होत नाही, कारण त्याच्या तळाला सरळ व्यास टाकावा लागतो आणि तो बरीच पट्टी खातो. सगळी पट्टी अर्धवर्तुळात घातली तर त्रिज्या ११६.७ सेंमी येते आणि क्षेत्रफळ २१,३९१ च्या आसपास राहते. याउलट दीड मीटर बाजूचा साधा चौरस केला तर २२,५०० मिळतात. म्हणजे नुसते अर्धवर्तुळ साध्या चौकोनी खिडकीलाही हरते. कवेलू यांच्या मुलीच्या मापाने क्षेत्रफळ २५,२०४ येते. तेव्हा दिलेल्या प्रश्नाचे तिचे उत्तर अगदी बरोबर आहे.

हे उत्तर सूत्राशिवायही समजून घेता येते आणि मी वर्गात तसेच सांगते. समजा खिडकी उभी आहे आणि आपण तिची त्रिज्या १ सेंमीने वाढवायची ठरवली. तळाची पट्टी २ सेंमीने वाढेल आणि कमान सुमारे ३.१४ सेंमीने, म्हणजे एकूण ५.१४ सेंमी पट्टी जास्त लागेल. ती आणायची कुठून? दोन्ही उभ्या बाजूंतून. म्हणून प्रत्येक बाजू २.५७ सेंमीने खाली येईल. आता जमाखर्च मांडू. रुंदी वाढल्यामुळे दोन्ही उभ्या बाजूंना आणि कमानीच्या कडेने १ सेंमी जाडीची एक पातळ फीत नव्याने मिळाली. आयताची उंची h आणि त्रिज्या r धरली तर तिचे क्षेत्रफळ 2h + πr. उंची उतरल्यामुळे 2r रुंदीची आणि २.५७ सेंमी उंचीची एक आडवी फीत गेली, तिचे क्षेत्रफळ 2r + πr. जोपर्यंत जमा खर्चापेक्षा जास्त आहे तोपर्यंत रुंदी वाढवत राहावी, आणि दोन्ही सारखे झाले की थांबावे.

```
2h + πr = 2r + πr
h = r
```

दोन्हीकडचा πr निघून गेला आणि आयताची उंची त्रिज्येएवढी आली. कवेलू यांची खिडकी जितकी रुंद तितकीच उंच का आली, याचे कारण हेच. पट्टी ६ मीटर असो की ६० मीटर, हे प्रमाण बदलत नाही. अवकलन करून पाहायचे असेल तर h ची किंमत परिमिती P मधून काढून क्षेत्रफळ A मध्ये घालावी:

```
A = Pr − 2r² − πr²/2
dA/dr = P − 4r − πr = 0
r = P/(4 + π) = 600/7.1416 = 84.01
```

द्वितीय अवकलज −(4 + π), म्हणजे ऋण आहे, त्यामुळे हे महत्तमच आहे. उंची शून्य असलेल्या टोकाला काय होते हे वर आलेच. तिथे जमा πr आणि खर्च 2r + πr, म्हणजे रुंदी कमी करणेच फायद्याचे आहे.

आडव्या पट्टीबद्दल थोड्या वेळाने लिहिते, कारण खरी गंमत तिथेच आहे.

बारावी_ब

मॅडम, मी चिमूरजवळच्या गावात राहतो आणि हेच उदाहरण मी कालपासून चार वेळा सोडवले आहे, पण मला रुंदी −५२५.६ सेंमी येते. मी x ही रुंदी घेतली. परिमिती x + 2h + πx/2 = 600 अशी मांडली आणि क्षेत्रफळ xh + πx²/2 असे घेतले. अवकलनात चूक नाही, मी तीनदा तपासले आहे. मित्र म्हणतो की ऋण चिन्ह सोडून द्यायचे असते.

पळसफूल

ऋण चिन्ह सोडून देऊ नकोस, ते तुला काहीतरी सांगते आहे. परिमिती लिहिताना तू x ही रुंदी मानलीस, म्हणून कमान πx/2 आली आणि ते बरोबर आहे. क्षेत्रफळ लिहिताना मात्र तोच x नकळत त्रिज्या झाला. त्रिज्या x/2 असेल तर अर्धवर्तुळाचे क्षेत्रफळ πx²/8 येते. तू πx²/2 लिहिलेस, म्हणजे वरची काच कागदावर चौपट मोठी केलीस.

चूक कुठे आहे हे उत्तराकडे न पाहताही कळले असते. h घालून झाल्यावर तुझ्याकडे 300x + 0.285x² अशी राशी आली असेल. x² चा सहगुणक धन आहे, म्हणजे अन्वस्त वरच्या बाजूला उघडतो आणि त्याला महत्तम बिंदूच नाही. ठरलेल्या पट्टीत खिडकी रुंद करत गेले तर जागा वाढतच जाते असा त्याचा अर्थ होतो, आणि असे होऊ शकत नाही हे सुतळी हातात घेतलेल्या कोणालाही दिसेल. बरोबर मांडणीत तो सहगुणक −(1/2 + π/8) येतो आणि रुंदी १६८ निघते. पुढच्या वेळी सुरुवातीलाच r घे. x ला रुंदी मानण्यात चूक काही नाही, पण दरवर्षी निम्मा वर्ग याच ठिकाणी घसरतो.

बारावी_ब

आले मॅडम, १६८.०३ आले. मित्रालाही दाखवतो.

वाटसरू_अचलपूर

छान चर्चा चालली आहे. माझाही हाच प्रश्न आहे. मेळघाटच्या पायथ्याशी आमचे शेतातले घर आहे आणि तिथल्या खोलीला मला दीड चौरस मीटरची कमानदार खिडकी हवी आहे. पट्टी किती आणावी? वर दिलेल्या हिशेबात ६०० धरले आहेत, पण माझ्याकडे पट्टीच नाही, मग P कुठून आणू?

पळसफूल

आपला प्रश्न उलटा आहे. कवेलू यांची पट्टी ठरलेली आहे आणि त्यांना जागा वाढवायची आहे, तर आपली जागा ठरलेली आहे आणि आपल्याला पट्टी वाचवायची आहे. सुदैवाने दोन्ही प्रश्नांत आकार तोच निघतो. कमी पट्टीत तेवढीच जागा देणारा दुसरा एखादा आकार सापडला असता, तर उरलेली पट्टी त्यात घालून तोच कवेलू यांच्याकडेही जिंकला असता. म्हणून h = r हेच धरा. त्या आकारात क्षेत्रफळ P² भागिले 2(4 + π) इतके असते. त्यावरून १५,००० चौरस सेंमीसाठी सुमारे ४६३ सेंमी पट्टी लागेल आणि रुंदी १३० च्या जवळपास येईल. पण आपल्या खिडकीला मधली आडवी पट्टी असणार असेल तर हा हिशेब आपल्यालाही लागू नाही. आता त्याकडेच वळते.

अभ्यासातल्या उदाहरणात 'परिमिती' म्हणजे फक्त बाहेरची कड. आयत आणि अर्धवर्तुळ जिथे भेटतात ती रेषा तिथे कागदावर तुटक काढलेली असते आणि तिला काही खर्च नसतो. मिस्त्रींना ती लोखंडाची हवी आहे. प्रश्न बदलला, म्हणून उत्तरही बदलते. गणित चुकलेले नाही. पट्टीतून काय काय कापायचे याच्या यादीत एक ओळ राहून गेली होती.

तोच जमाखर्च पुन्हा मांडू. त्रिज्या १ सेंमीने वाढवली की आता तळाची पट्टी २, मधली पट्टी २ आणि कमान ३.१४ सेंमीने वाढेल. जमा पूर्वीइतकीच आहे, 2h + πr, कारण मधल्या पट्टीने जागेत काही भर पडत नाही. खर्च मात्र वाढला:

```
2h + πr = 4r + πr
h = 2r
```

म्हणजे आता आयताची उंची त्रिज्येच्या दुप्पट, अर्थात रुंदीएवढी आली. खाली पूर्ण चौरस आणि वर अर्धवर्तुळ. पहिल्या उत्तरात संपूर्ण खिडकी चौरसात बसत होती, दुसऱ्यात फक्त खालचा भाग चौरस आहे. रुंदी आता दुपटीने महाग झाली, म्हणून खिडकी अरुंद आणि उभट झाली.

६०० सेंमीतच सगळे भागवायचे असेल तर r = 600/(8 + π), म्हणजे ५३.८५ सेंमी. रुंदी १०७.७, आयताची उंची १०७.७, एकूण उंची १६१.६ आणि क्षेत्रफळ सुमारे १६,१५६ चौरस सेंमी. पहिल्या आकड्याच्या तुलनेत एक तृतीयांशाहून अधिक उजेड गेला. एका आडव्या पट्टीची ही किंमत आहे.

कवेलू

मॅडम, आता नीट लक्षात आले. मुलीलाही वाचून दाखवले आणि तिचा जीव भांड्यात पडला. पण एक तृतीयांश उजेड सोडायला मन होत नाही. मग १६८ सेंमीचा तुकडा वेगळा आणून मूळचीच ८४ बाय ८४ ची खिडकी करतो. मूळचे क्षेत्रफळ तसेच राहील, बरोबर ना?

पळसफूल

क्षेत्रफळ तसेच राहील, पण मग ती सर्वोत्तम खिडकी राहणार नाही. तुकडा आणला की तुमच्याकडे ७६८ सेंमी पट्टी झाली आणि त्यातून मधल्या पट्टीसह चौकट करायची आहे. त्या प्रश्नाचे उत्तर h = r नाही, h = 2r आहे. 768/(8 + π) केले की त्रिज्या ६८.९ येते, म्हणजे रुंदी १३८, आयताची उंची १३८, एकूण उंची २०७ आणि क्षेत्रफळ २६,४६९. लोखंड अगदी तेवढेच, आणि जागा मूळच्या २५,२०४ पेक्षा ५ टक्क्यांनी जास्त. जुने उत्तर धरून वरून तुकडा जोडणे हा तोट्याचा सौदा आहे.

मधली पट्टी हलकी घेतली, समजा चाळीस बाय पाचऐवजी वीस बाय पाच, तर तिचे वजन लांबीमागे निम्मे होते. लोखंड किलोवर विकत घेतात, त्यामुळे खर्चाच्या यादीत ती निम्मीच धरावी लागेल आणि त्या वेळी h = 1.5r येईल. एकंदरीत मधल्या पट्टीला मुख्य पट्टीच्या k पट धरले तर उंची त्रिज्येच्या (1 + k) पट येते. k शून्य म्हणजे अभ्यासातली खिडकी आणि k एक म्हणजे तुमच्या मिस्त्रींची.

ठिणगी

मी वेल्डिंगचे काम करतो, दिग्रस रस्त्यावर माझे छोटे दुकान आहे. मॅडमचा हिशेब वाचून आनंद झाला, पण पट्टी कापताना तिची लांबी नुसती बेरीज करून भागत नाही, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कमानीची. पट्टी तीन रोलरच्या यंत्रातून वाकवली की तिची दोन्ही टोके सरळच राहतात, कारण पट्टी तिन्ही रोलरवर टेकलेली असेल तरच वाकते आणि टोकाचा भाग तसा टेकत नाही. गोल कडी करायची असेल तर ही सरळ टोके कापून टाकावी लागतात आणि पट्टी वाया जाते. या खिडकीत मात्र कमान जिथे संपते तिथे ती अगदी उभी झालेली असते आणि तिथूनच उभी बाजू सुरू होते. त्यामुळे कमान आणि दोन्ही बाजू अखंड पट्टीतून करता येतात, सरळ टोके हीच बाजू होतात, आणि कमानीच्या खांद्यावर, म्हणजे जिथे जोड सर्वांत वाईट दिसतो तिथे, वेल्डिंगच येत नाही. मूळच्या ८४ च्या मापात तर अखंड तुकडा ४३२ सेंमीचा आणि तळ १६८ चा, म्हणजे ६ मीटर पट्टीला एकच काप. असे काम रोज मिळाले तर आमचे भले होईल.

दुसरी गोष्ट जाडीची. पट्टी ५ मिलिमीटर जाड आहे. वाकवल्यावर तिची बाहेरची कड ताणली जाते, आतली आवळली जाते आणि मधली रेषा तेवढीच राहते. अर्धवर्तुळात आतली आणि बाहेरची लांबी यांत जवळपास १६ मिलिमीटरचा फरक पडतो. तेव्हा ६८.९ ही त्रिज्या पट्टीच्या जाडीच्या मध्यापर्यंत धरा. आतल्या कडेपर्यंत धरून पट्टी कापली तर कमान बसवताना एक बाजू पाऊण सेंटिमीटरने आखूड निघते आणि मग पल्ला खालून घासतो. हे मी स्वतः एकदा करून बसलो आहे. तयार चौकट भिंतीतून काढून परत न्यावी लागली आणि मजुरीही गेली.

आता मॅडमला एक शंका विचारतो. १३८ रुंदीच्या खिडकीत अखंड तुकडा ४९२ सेंमीचा होतो आणि ६ मीटरमधून १०८ सेंमी उरतात. तळ आणि मधली पट्टी मिळून १३८ चे दोन तुकडे हवेत. एक आणलेल्या १६८ मधून निघेल, पण दुसरा? १०८ ला ३० चा तुकडा जोडावा लागेल. बेरीज बरोबर ७६८ आहे, पण पट्टी सुतळीसारखी कुठेही जोडता येत नाही.

पळसफूल

शंका अगदी रास्त आहे आणि तिचे उत्तर अवकलनात नाही. आपण लांबी सलग मानली, तुकड्यांचा विचार केलाच नाही. तळाच्या पट्टीत जोड चालणार असेल तर माप जसेच्या तसे ठेवता येईल. चालणार नसेल तर प्रश्न पुन्हा मांडावा लागेल.

ठिणगी

तळाची पट्टी खालच्या बांधकामावर पूर्ण टेकलेली असते, त्यामुळे तिथे जोड दिला आणि ग्राइंडरने घासला तर चालतो. मधल्या पट्टीत मी देणार नाही, कारण तिच्यावर पल्ले रोज आदळतात. प्रत्येक कापाला ३ मिलिमीटर जातात, तेही धरा.

गिलावा

मी या भागात घरांची कामे घेतो. गणित ठीक आहे, पण खिडकी भिंतीत बसवायची आहे, हे सगळे विसरले आहेत. सुरुवातीला ठरलेली १६८ रुंदीची खिडकी पाहून आमचा गवंडी म्हणाला असता, "एवढी रुंद ठेवाची असन तं दोन्हीकडच्या भिंतीले बांधून घ्या आधी." विटांची अर्धवर्तुळाकार कमान वरचे वजन दोन्ही बाजूंना ढकलत खाली आणते. कमान जिथून उठते तिथे शेजारी पुरेशी भिंत नसेल तर ती बाहेर सरकते, आणि पहिली भेग कमानीच्या माथ्यावर पडते. खिडकी कोपऱ्याच्या जवळ असेल तर जास्तच. कवेलू, तुमची खिडकी कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे? आणि भिंतीची उंची किती?

कवेलू

भिंत दहा फूट उंच आहे. उत्तरेकडच्या कोपऱ्यापासून खिडकीच्या मध्यापर्यंत १४० सेंमी अंतर आहे, दुसरीकडे भरपूर भिंत आहे. खिडकीचा तळ जमिनीपासून दोन फुटांवर ठेवायचा आहे.

गिलावा

म्हणजे १६८ रुंदीला कोपऱ्याकडे फक्त ५६ सेंमी भिंत उरत होती. मी ती कमान तिथे बांधली नसती. १३८ रुंदीला ७१ सेंमी उरते, ते बरे आहे. उंची पाहिली तर तळ ६० वर आणि खिडकी २०७ ची, म्हणजे माथा २६७ ला जातो. दहा फुटांची भिंत ३०५ ची. वर ३८ सेंमी राहतात, त्यात कमानीच्या विटा, त्यावरचा एखादा थर आणि छताचा भार. अडचणीचे आहे, पण जमेल. माझे मत विचाराल तर रुंदी अजून कमी करून १२० ठेवा. जागा थोडी कमी मिळेल, पण भिंत निश्चिंत.

पळसफूल

रुंदी कमी करायला हरकत नाही, आणि जागा किती जाईल ते सहज सांगता येते. महत्तम बिंदूजवळ आलेख सपाट असतो. इथे क्षेत्रफळ r ची वर्गराशी आहे, म्हणून नियम अगदी सरळ आहे: त्रिज्या सर्वोत्तम मापापासून जितकी हलली त्या प्रमाणाचा वर्ग केला की तोट्याचे प्रमाण मिळते. त्रिज्या दहा टक्क्यांनी हलवली तर जागा एकच टक्का जाते. १३८ ऐवजी १२० केले तर त्रिज्या १३ टक्क्यांनी कमी झाली, म्हणजे तोटा १.७ टक्के. बदल्यात एवढा कमी तोटा असेल तर मी भिंतीचेच ऐकेन.

पण गिलावा यांच्या सूचनेत एक पेच आहे. पट्टी ७६८ च ठेवून रुंदी १२० केली तर आयताची उंची १७० होते आणि खिडकी एकूण २३० ची. तळ ६० वर ठेवला तर माथा २९० ला जाईल आणि वर जेमतेम १५ सेंमी उरतील. रुंदीने वाचवलेली भिंत उंचीने परत घेतली.

गिलावा

हे खरे आहे, मी उंचीचा हिशेब केला नव्हता. मग उलट बाजूने जा, थोडी रुंद आणि बुटकी करा.

पळसफूल

१५० रुंदी धरली तर त्रिज्या ७५, आयताची उंची ११६ आणि एकूण १९१ येते. माथा २५१ ला, वर ५४ सेंमी मोकळे. जागेचा तोटा एक टक्क्याहूनही कमी. पण कोपऱ्याकडे भिंत ६५ सेंमीच उरते. यातले काय जास्त धोक्याचे, हे मला सांगता येणार नाही. गणिताच्या दृष्टीने १३० पासून १५० पर्यंतच्या सगळ्या खिडक्या जवळपास सारख्याच आहेत.

अर्धा_कप_चहा

मी सुरुवातीला चुकीचे बोललो हे मान्य, पण एक विचारतो. सगळी पट्टी वापरायचीच असा हट्ट का? १२० रुंदीत चौरस आणि वर अर्धवर्तुळ करा, उरलेली पट्टी ठेवून द्या.

ठिणगी

या वेळी बरोबर बोललात. १२० रुंद, आयत १२०, वर ६० ची कमान. अखंड तुकडा ४२८.५ सेंमी, त्यातून ६ मीटरमधले १७१ उरतात, म्हणजे तळाचा १२० चा तुकडा त्यातूनच निघतो. मधल्या १२० साठीच काय तो तुकडा बाहेरून आणायचा. जोड एकही नाही. एकूण पट्टी ६६८.५ आणि वाया जाते ५१ सेंमी, त्यात पल्ल्याच्या कड्या आणि अडसर निघतील.

पळसफूल

त्यात क्षेत्रफळ २०,०५५ येते. ७६८ च्या खिडकीपेक्षा जवळजवळ चौथा भाग कमी, पण ६०० मध्येच भागवलेल्या १६,१५६ पेक्षा बरेच जास्त. आणि उंची त्रिज्येच्या दुप्पटच असल्याने ६६८.५ सेंमी पट्टीसाठी हीच सर्वोत्तम खिडकी आहे.

बारावी_ब

मॅडम, म्हणजे h = 2r ठेवले की पट्टी कितीही असली तरी उत्तर बरोबर, आणि पट्टी किती घ्यायची हे भिंत ठरवणार?

पळसफूल

हो. फक्त मधली पट्टीही चाळीस बाय पाचचीच असेल तर.

कवेलू

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी अंगणात चुन्याने दोन खिडक्या शेजारी शेजारी आखल्या, एक १५० रुंदीची आणि एक १२० रुंदीची. मुलीचा कौल १५० ला आहे. आईने दोन्हींमध्ये उभी राहून पाहिले आणि १२० च्या खिडकीपाशी थांबून विचारले की हिचा तळ दोन फुटांवर कशाला, दीड फुटावर आण, म्हणजे खाटेवर बसून रस्ता दिसेल. तळ खाली आणला तर वरची भिंत वाढते आणि १३८ ची खिडकीही आरामात बसते, हे तेव्हा कुठे सुचले. गिलावा भाऊ, तळ ४५ वर घेतला तर माथा २५२ ला येतो. कोपऱ्याकडच्या ७१ सेंमीत तुमची कमान उभी राहील का, तेवढे सांगा. ठिणगी भाऊ, तोपर्यंत तुमच्याकडे चाळीस बाय पाचचा १६८ चा तुकडा असेल तर बाजूला काढून ठेवा. कापांचे धरून १७० घेतो.

ठिणगी

१७४ चा आहे. रंग उडालेला आहे, पण सरळ आहे. या घेऊन जायला.

गिलावा

भिंत नऊ इंची की साडेतेरा इंची, ते आधी लिहा. त्यावरच उत्तर ठरेल.